डबा हलवला म्हणजे चिठ्ठ्या मिसळल्या का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नाणं, फासा आणि चिठ्ठ्या यांनी निःपक्ष निवड कशी करायची, या माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया: «लेख वाचून असं वाटलं की नाणं, फासा, चिठ्ठ्या यांतलं काहीच भरवशाचं नाही. नाण्यातला ५०.८ विरुद्ध ४९.२ टक्के हा फरक साडेतीन लाख वेळा नाणं उडवल्यावर दिसतो, मग त्याची काळजी कशाला? चाळीस नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, डबा चांगला हलवायचा आणि डोळ्यांवर पट्टी बांधून एकेक काढायची. यात पक्षपात शिरणार कुठून? उगाच बाऊ करताय.»

नाण्याचा फरक लहान आहे, हे अगदी मान्य. दरवेळी सुरुवातीला वर असलेल्या बाजूवर अशी हजार वेळा पैज लावली तर सरासरी ५०८ जिंकाल, ४९२ हराल. घरी तपासायला गेलात तर पंधरा-सोळा हजार वेळा नाणं उडवेपर्यंत हा फरक योगायोगातून वेगळा काढता येणार नाही. पण हा कल छाप्याकडे किंवा काट्याकडे नाही, तो सुरुवातीला वर असलेल्या बाजूकडे आहे. हवेत नाणं सरळ उलटत नाही, उलटताना थोडं डोलतं, आणि त्या डोलण्यामुळे सुरुवातीची बाजू किंचित जास्त वेळ वर राहते. पर्सी डायकोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे गणिताने मांडलं आणि ५१ टक्क्यांच्या आसपासचा अंदाज दिला. २०२३ मध्ये ४८ जणांनी मिळून ३,५०,७५७ वेळा नाणं उडवलं, तेव्हा छापा-काटा बरोबरीत आले, पण सुरुवातीची बाजू ५०.८ टक्के वेळा परत आली. कोण उडवतंय यावरही हे प्रमाण बरंच बदलत होतं.

म्हणजे नाणं बदलून उपयोग नाही, आणि गरजही नाही. उडवणाऱ्याने नाणं अंगठ्यावर ठेवून दुसऱ्या हाताने झाकावं, मग समोरच्याने छापा की काटा ते सांगावं, आणि त्यानंतर नाणं उडवून हातातच झेलावं. सांगणाऱ्याला वरची बाजू माहीत नाही, ठेवणाऱ्याला ठेवताना समोरचा काय मागणार ते माहीत नाही. कल तसाच राहतो, पण तो कुणाच्याच पदरात जाणीवपूर्वक पडत नाही. माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच होता. निर्दोष वस्तू शोधत बसायचं नाही, वस्तूतला कल आणि माणसाचं नाव यांची गाठ तोडायची. (नाणं टेबलावर भिंगरीसारखं फिरवू मात्र नका. तिथे कडेचा आकार आणि वजनाची वाटणी यांना फार वाव मिळतो आणि कल खूपच मोठा होऊ शकतो.)

आता तुमच्या डब्याकडे येऊ. तिन्हींत तुम्हाला सर्वांत निर्धोक वाटलेली ही पद्धतच मला सर्वांत धोक्याची वाटते. नाण्याचा कल सरासरीने टक्क्याच्या आत राहतो, चिठ्ठ्यांच्या कलाला तशी काही मर्यादा नाही.

१ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत सैन्यभरतीची सोडत झाली. वर्षाच्या ३६६ तारखा ३६६ निळ्या प्लास्टिकच्या डब्यांत एकेक घालून त्या एका काचेच्या भांड्यातून काढायच्या, आणि ज्या क्रमाने तारीख निघेल त्या क्रमाने त्या दिवशी जन्मलेल्यांना बोलावणं पाठवायचं, अशी योजना होती. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. पुढे १९५ व्या क्रमांकापर्यंतच्या तरुणांना बोलावलं गेलं. सगळं जाहीरपणे, कॅमेऱ्यासमोर झालं. काढणाऱ्यांपैकी कुणी लबाडी केल्याचा आरोपही नव्हता.

क्रमांकांची सरासरी मात्र बघा. प्रत्येक महिन्याची सरासरी १८३.५ च्या आसपास यायला हवी होती. जानेवारीची २०१.२ आली, मार्चची २२५.८, आणि डिसेंबरची १२१.५. डिसेंबरच्या ३१ पैकी २६ तारखा पहिल्या अर्ध्या भागात निघाल्या. नीट मिसळलेल्या भांड्यात एका महिन्याची सरासरी साधारण १८ ने इकडेतिकडे होते, डिसेंबरची ६२ ने खाली घसरली होती.

कारण भरण्यात होतं. जानेवारीच्या डब्या एका खोक्यात टाकून एका बाजूला सारल्या, मग फेब्रुवारीच्या टाकून दोन्ही एकत्र केल्या, मग मार्चच्या, असं करत बारा महिने. त्यामुळे जानेवारीच्या डब्या अकरा वेळा मिसळल्या गेल्या आणि डिसेंबरच्या फक्त एकदा. नंतर खोकं काही वेळा हलवलं, त्यातल्या डब्या काचेच्या भांड्यात ओतल्या, आणि तिथे पुन्हा ढवळल्या नाहीत. काढणारे बहुतेकदा वरचीच डबी उचलत होते. तुमची डोळ्यांवरची पट्टी तिथे असती तरी काही फरक पडला नसता. पट्टी काढणाऱ्याची लबाडी थांबवते, भरणाऱ्याने नकळत लावलेला क्रम तसाच राहू देते.

तुमच्या चाळीस चिठ्ठ्यांची गत याहून वाईट होते, कारण कागद प्लास्टिकच्या डब्यांसारखा घरंगळत नाही. घड्या एकमेकींत अडकतात आणि एका कागदावरून फाडलेल्या चार-पाच चिठ्ठ्या गठ्ठ्यानेच फिरतात. यादी वरून खाली लिहिली की शेवटची नावं शेवटी पडतात आणि वर राहतात. डबा काठोकाठ भरलेला असेल तर हलवल्यावर सगळा ढीग एकत्र सरकतो, आतला क्रम फारसा मोडत नाही. आणि चिठ्ठ्या लहानमोठ्या असतील तर जास्त हलवणं उलट बाधतं, कारण बारीक घड्या फटींतून खाली जातात आणि फुगीर घड्या वर येतात. ज्याचं नाव लांब म्हणून कागद मोठा घेतला, त्याची चिठ्ठी हाताला आधी लागते. बोटांना घडीची जाडीही कळते, डोळे मिटलेले असले तरी.

म्हणून घड्या नकोत. जाड, अपारदर्शक कागदाचे एकाच मापाचे चाळीस तुकडे घ्या, एकाच पेनाने लिहा, मागून काही उमटत नाही ना ते उजेडात धरून पाहा. मग ते टेबलावर पालथे पसरा आणि दोन्ही तळव्यांनी गोल गोल फिरवत मिनिटभर चांगले कालवा. तळाचे तुकडे मुद्दाम वर आणा, कडेचे मध्ये घ्या. डब्यात टाकायचेच असतील तर आता टाका, आणि डबा एवढा मोठा घ्या की दोन तृतीयांश रिकामा राहील.

जिथे वाद होण्याची शक्यता आहे तिथे दोन डबे वापरा. एका डब्यात नावं, दुसऱ्यात १ ते ४० क्रमांक. पहिल्यातून एक नाव काढायचं, दुसऱ्यातून एक क्रमांक, आणि जोडी जाहीर करायची. इथे एक खाचखळगा आहे, तो फार जणांच्या लक्षात येत नाही. नावंही यादीच्या क्रमाने टाकली, क्रमांकही १ पासून क्रमाने टाकले, आणि दोन्ही डबे नीट ढवळले गेले नाहीत, तर दोन्हींतून शेवटी टाकलेल्या चिठ्ठ्या आधी येतील. चाळीसावं नाव आणि चाळीस हा क्रमांक एकमेकांना भेटतील, आणि दोन डबे असूनही यादीचाच क्रम परत हाती येईल. दोन्ही डब्यांचे दोष एकाच दिशेने असले की ते एकमेकांना पुसत नाहीत.

म्हणून डब्यात टाकण्याचा क्रमच आधी मोडायचा. १९७० च्या सोडतीत अमेरिकेने हेच केलं. तारखांचं एक पिंप आणि क्रमांकांचं दुसरं, आणि दोन्हींत डब्या कोणत्या क्रमाने भरायच्या ते राष्ट्रीय प्रमाणन संस्थेने यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यांवरून आधीच ठरवून दिलं. दोन डब्यांतला एक जरी पूर्ण मिसळलेला असेल, आणि दुसऱ्याशी त्याचा काही संबंध नसेल, तर जोड्या निःपक्ष येतात. सगळं निर्दोष असण्याची गरज उरत नाही, एक निर्दोष असला तरी भागतं.

फाशांनाही हीच युक्ती लागू पडते. साध्या फाशाचे ठिपके कोरलेले असतात. सहाच्या बाजूची सहा ठिकाणची आणि समोरच्या एकाच्या बाजूची एकाच ठिकाणची सामग्री गेलेली असते, त्यामुळे एकाची बाजू जड होऊन खाली जायला बघते. राफाएल वेल्डन यांनी १८९४ मध्ये नोंदवलेल्या प्रयोगात १२ फासे २६,३०६ वेळा टाकले होते. पाच किंवा सहा पडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाऐवजी ०.३३७७ आलं. शिवाय फासा एका दिशेने किंचित चपटा असेल तर त्या दोन मोठ्या बाजूंवर तो जास्त बसतो. खारट पाण्यात फासा तरंगवून पाहतात, त्यात वजनाचा मोठा दोष कळतो, चपटेपणा कळत नाही. त्यासाठी तिन्ही दिशांनी व्हर्नियर कॅलिपर लावावा लागतो.

हे मोजमाप टाळायचं असेल तर दोघांनी आपापला फासा टाकावा, बेरीज करावी, आणि ती सहाच्या वर गेली तर सहा वजा करावेत. उरतो तो निकाल. समजा दोन्ही फाशांच्या प्रत्येक बाजूची शक्यता खऱ्या एक षष्ठांशापेक्षा जास्तीत जास्त हजारात तीनने कमी-अधिक आहे. बेरजेनंतर हा फरक दहा हजारांत एकाच्याही खाली येतो, कारण दोन लहान चुकांचा गुणाकार होतो. एकाचा फासा अगदी खोटा असला तरी दुसऱ्याचा खरा असेल तर निकाल खराच. अट एवढीच की दोघांनी फासे एकाच वेळी झाकून टाकावेत, म्हणजे आधीचा आकडा बघून दुसऱ्याला काही करता येणार नाही.

राहिला प्रश्न तुमचा डबा कसा आहे ते कळायचा. एका सोडतीतून सहसा कळत नाही, पण नोंद ठेवली तर ढोबळ चूक पकडता येते. चाळीस चिठ्ठ्या कोणत्या क्रमाने टाकल्या ते लिहा आणि निघण्याचा क्रम शेजारी लिहा. मग शेवटी टाकलेल्या दहा चिठ्ठ्या कितव्या निघाल्या त्याची सरासरी काढा. ती २०.५ च्या आसपास हवी, साधारण ३ ने पुढेमागे झाली तर चालतं. १४ च्या खाली गेली, तर नीट मिसळलेल्या डब्यात असं साधारण पन्नास सोडतींत एखाद्या वेळीच होतं. पुढच्या सोडतीतही १४ च्या खालीच आली, तर डबा बाजूला ठेवा आणि चिठ्ठ्या टेबलावर कालवा.