साडेअकराचं नेट

प्रिय नवीन स्वयंसेवक,

आजपासून ट्रस्टच्या ऑफिसातलं नेटवर्क तुमच्या ताब्यात. माझ्याकडे ते आलं तेव्हा कुणी चिठ्ठीचपाटी दिली नव्हती. मी एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद सगळ्यांसमोर बाहेर ओढला, आणि सचिव म्हणाले, "अरे वा, म्हणजे तुम्हाला यातलं कळतं!" त्या कागदाची शिक्षा मी चार वर्षं भोगली. तुम्ही कोणता कागद ओढलात ते मला माहीत नाही, पण झालं ते झालं.

मालमत्ता थोडी आहे. एक राउटर, आठ पोर्टांचा एक स्विच, सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्कॅनर. शिवाय एक वाक्य, जे तुम्हाला रोज ऐकायला मिळेल: "नेट स्लो आहे." हे वाक्य शब्दशः घेऊ नका. प्रिंटरमधला कागद संपला तरी या ऑफिसात नेट स्लो असतं. खजिनदारांचा चष्मा घरी राहिला त्या दिवशीही नेट स्लो होतं.

पण एक तक्रार खरी निघाली, आणि तिच्यापायी मी अडीच महिने वेड्यासारखा फिरलो. ती आधी सांगतो, कारण ती परत येणार आहे.

रोज सकाळी साडेअकराला नेट मरायचं आणि एकला दहा मिनिटं असताना आपोआप जिवंत व्हायचं. बंद पडायचं नाही. बंद पडलं असतं तर बरं, कुणाला तरी फोन करता आला असता. पान उघडायला अर्धा मिनिट, आणि व्हिडिओ बैठकीत अध्यक्षांचा चेहरा थिजलेला. त्यांचा आवाज मात्र तुकड्यातुकड्यांनी येत राहायचा, त्यामुळे बैठकही थांबवता येईना. मी नोकरीतून सुटून दुपारी पोहोचायचो, स्पीड टेस्ट लावायचो, आकडा झकास. "बघा, काही नाही," असं मी म्हणायचो, आणि सगळे माझ्याकडे खोटारड्याकडे बघावं तसे बघायचे.

कार्यकारिणीने यावर तातडीने ठराव केला: मोठा प्लॅन घ्या. डाउनलोड १०० एमबीपीएसचं २०० झालं. दुसऱ्या दिवशी साडेअकराला नेट ठरल्याप्रमाणे मेलं. त्या प्लॅनमध्ये अपलोड आधीही १० होतं आणि नंतरही १०च राहिलं, ही ओळ ठरावाच्या घाईत कुणी वाचली नव्हती. कुणी म्हणजे मीही.

शेवटी एक दिवस रजा काढली आणि अकरालाच येऊन बसलो. कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडल्या आणि एकेकीत एक कमांड चालू ठेवली:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिली आपल्याच राउटरला हाक मारते, दुसरी बाहेरच्या जगाला. उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते ओळीत `time` च्या पुढे दिसतं. अकराला राउटर १ मिलिसेकंदात ओ देत होता, बाहेरचं जग १२ मध्ये. अकरा बत्तीसला राउटर १ वरच, आणि बाहेरचा आकडा चढू लागला: ९०, ३००, ६४०, मग ८१० च्या आसपास जाऊन ठिय्या देऊन बसला. म्हणजे आपल्या वायरी, स्विच, राउटरपर्यंतचा रस्ता, सगळं निर्दोष. कोंडी दाराच्या उंबरठ्यावर होती.

आता कोंडी करतंय कोण? आपल्या राउटरच्या पानावर कुठलं यंत्र किती डेटा वापरतंय ते दिसत नाही, तेवढा तो शहाणा नाही. म्हणून मी गावठी उपाय केला. एका डोळ्याने ते ८१० बघत स्विचच्या वायरी एकेक करून उपटायच्या, दहा सेकंद थांबायचं, परत लावायच्या. पहिली वायर: ८१०. दुसरी: ८१०, शिवाय आतल्या खोलीतून "नेट गेलं!" अशी आरोळी. तिसरी, चौथी: तेच. पाचवी उपटली आणि आकडा धाडकन १२. परत लावली, काही सेकंदांत ८००. मी ते तीनदा केलं. दोनदा खात्रीसाठी, एकदा निव्वळ आनंदासाठी.

पाचवी वायर स्कॅनरच्या कॉम्प्युटरची. तिथे देणगीच्या पावत्या स्कॅन होतात आणि साडेअकराला त्यांचा बॅकअप बाहेरच्या सर्व्हरवर आपोआप चढतो. ती वेळ मीच लावली होती. पावत्या साध्या, कधी कुणाला त्रास झाला नव्हता. मग झालं काय? एका पावतीवरची सही फिकट आली म्हणून कुणीतरी स्कॅनरमध्ये जे जे सर्वात भारी दिसलं ते निवडलं होतं: ६०० डीपीआय, रंगीत, टिफ. ए-फोर आकाराचं एक पान असं स्कॅन केलं की आडवे ४९६० आणि उभे ७०१६ ठिपके होतात, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे फाइल जवळपास १०० एमबीची. एका पावतीची! मी एक उघडून मोठी केली तर कागदाचे तंतू दिसत होते. सही फिकटच होती.

दिवसाला साठ पावत्या म्हणजे ६ जीबी. १० एमबीपीएसचं अपलोड म्हणजे सेकंदाला १० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. त्यातून ६ जीबी जायला ४८०० सेकंद लागतात, बरोबर ऐंशी मिनिटं. साडेअकरा अधिक ऐंशी मिनिटं म्हणजे एकला दहा कमी. वहीत हा हिशोब जुळला तेव्हा मी टेबलावर हात आपटला आणि खजिनदारांचा चहा सांडला. त्यावर मी आता बोलणार नाही.

सचिवांनी मात्र मुद्द्याचा प्रश्न विचारला होता: "पावत्या बाहेर जातायत, मग आत येणारं का अडतं?" याचं उत्तर तुम्हालाही द्यावं लागेल, म्हणून लिहून ठेवतो. आपण पान मागवतो ती मागणी बाहेर जाते. आलेल्या प्रत्येक तुकडीची पोचही बाहेर जाते, आणि पोच मिळेपर्यंत समोरचा पुढचा माल हात राखून धाडतो. ही चिमुकली पाकिटं पावत्यांच्या गोण्यांमागे एकाच रांगेत उभी राहतात. वरून राउटरच्या पलीकडचं, उंबरठ्यावरचं यंत्र स्वभावाने भिडस्त, कुणालाही नाही म्हणत नाही, जागा आहे तोवर रांगेत घेतं. त्याच्या पोटात समजा १ एमबीची रांग मावत असेल, तर १० एमबीपीएसने ती सरायला ०.८ सेकंद लागतो. म्हणजे तुमच्या प्रत्येक क्लिकला आधी ८०० मिलिसेकंद ताटकळणं आलं. माझं ८१० तिथून आलं. डाउनलोड २०० करून पुढचं दार रुंद झालं होतं, गर्दी मागच्या दाराला होती.

उपाय तीन केले. स्कॅनर ३०० डीपीआय, ग्रेस्केल, पीडीएफवर आणला. पावती आता १ एमबीच्या आत बसते आणि सही जेवढी होती तेवढीच दिसते. बॅकअप रात्री नऊला ढकलला आणि त्याच्या सेटिंगमध्ये अपलोडला ४ एमबीपीएसची वेसण घातली. रात्री कॉम्प्युटर कुणी बंद करू नये म्हणून बटणाजवळ चिठ्ठी चिकटवली आहे. ती दर आठवड्याला पडते, परत चिकटवा. तिसरा उपाय राउटरचा. त्यात क्यूओएस नावाचं पान आहे, तिथे अपलोडची मर्यादा ८.५ टाकली आहे, मोजलेल्या वेगापेक्षा मुद्दाम थोडी कमी. त्यामुळे रांग पलीकडच्या भिडस्त यंत्रात न साचता आपल्या राउटरात लागते, आणि हा निदान लहान पाकिटांना पुढे सोडतो. "आपण १० चे पैसे भरतो आणि ८.५ का वापरतो?" असं कार्यकारिणी विचारेल. मला तीनदा विचारलंय. प्लॅन बदलला तर हा आकडा बदलायला विसरू नका, नाहीतर नवं अपलोड ५० असूनही तुम्ही ८.५ वरच बसाल आणि मला शिव्या द्याल.

दुसरी दुखरी जागा खजिनदारांच्या खुर्चीखाली आहे. त्यांना ऑफिसातल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवरून हिशोबाची २ जीबीची फाइल उतरवायला तीन मिनिटं लागायची, शेजारच्या टेबलावर वीस सेकंद. त्यांचा समज असा की कॉम्प्युटर त्यांच्या वयाचा मान राखून सावकाश चालतो. मी पॉवरशेलमध्ये `Get-NetAdapter` मारलं. `LinkSpeed` च्या खाली शेजारी `1 Gbps` होतं, यांच्याकडे `100 Mbps`. नेटवर्कच्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० ला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली की दोन्ही टोकं बऱ्याचदा आपसात तडजोड करून १०० वर येतात आणि कुणाला काही कळवत नाहीत. दिवा लागलेला असतो, सगळं चालू असतं, फक्त दहापट हळू. खुर्चीचं चाक दोन वर्षं त्या वायरीवरून जा-ये करत होतं. वायर बदलली आणि भिंतीच्या कडेने नेली. खजिनदारांनी खुर्ची भिंतीकडे सरकवली.

तिसरी गोष्ट अजून घडेल, आधीच सांगतो. सभागृहात वायफाय पोचत नाही म्हणून कुणीतरी सद्भावनेने घरचा जुना राउटर आणून स्विचला जोडतं. मग एका घरात दोन कर्ते होतात. दोघेही कॉम्प्युटरना पत्ते वाटायला लागतात, आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचं खरं. निम्म्यांचं चालतं, निम्म्यांचं नाही, आणि कॉम्प्युटर बंद-चालू केला की निम्मे बदलतात. अशा वेळी `ipconfig /all` मारा आणि `DHCP Server` ची ओळ वाचा. `192.168.1.1` असेल तर आपला. `192.168.0.1` दिसला तर पाहुणा आलाय. पाहुण्याला हाकलू नका, आणणाऱ्याला वाईट वाटतं. त्याच्या पानावर डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता `192.168.1.2` करा (आपला राउटर १०० च्या पुढचेच पत्ते वाटतो, टक्कर होणार नाही) आणि वायर त्याच्या लॅन पोर्टात लावा, वॅनमध्ये नाही. मग तो मुकाट्याने नुसतं वायफाय देतो.

स्विचच्या प्रत्येक वायरीला आता चिठ्ठी आहे. पाचवीवर लाल शाईने "पावत्या" लिहिलंय. राउटरचा पासवर्ड बंद पाकिटात, खालच्या खणात. त्याच खणात दोन मीटरची एक कोरी वायर आहे. काल निघताना पाहिलं, खुर्ची परत वायरीवर आहे.