खातं गोठलंय? मग आधी बँकेत जाऊन भांडा

मिसळीचे पैसे द्यायला मोबाइल काढलात, तीनदा पिन टाकलात आणि तिन्ही वेळा व्यवहार फसला, तर घाबरू नका. नेटवर्कला शिव्या घाला. दुसऱ्या दिवशी कामगारांच्या पगाराचा चेक परत आला की मात्र थेट बँकेत जा आणि मॅनेजरला सगळ्यांसमोर विचारा, "माझं खातं फ्रीज करणारे तुम्ही कोण?"

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप चालवणाऱ्या माझ्या एका मित्राने अगदी असंच केलं. १० जूनला खातं गोठलं तेव्हा त्यात १ लाख ८६ हजार होते. मॅनेजरने शांतपणे सांगितलं की जीएसटी खात्याकडून डीआरसी-१३ आलीय. ही नोटीस तुमच्या नावाची नसते, बँकेच्या नावाची असते. 'या माणसाचे तुमच्याकडे जे पैसे आहेत ते आम्हाला भरा', असं तिच्यात म्हटलेलं असतं. बँकेने ऐकलं नाही तर त्या रकमेपुरती बँकच थकबाकीदार ठरते. त्यामुळे तुम्ही कितीही ओरडलात तरी मॅनेजर तुम्हाला पाणी देईल, पैसे देणार नाही.

त्या नोटिशीची प्रत मात्र चुकूनही मागू नका. मागितलीत तर कुठल्या अधिकाऱ्याने, कुठल्या आदेशावरून, किती रकमेसाठी वसुली काढलीय ते लगेच कळेल आणि भांडणातली मजाच जाईल. कागदावर डीआरसी-२२ असेल तर प्रकरण वेगळं. ती तात्पुरती जप्ती असते, तिच्यावर डीआरसी-२२ए भरून हरकत घेता येते आणि वर्ष झालं की ती आपोआप संपते. डीआरसी-१३ ला अशी मुदत नाही, कारण तिच्यामागे एक आदेश आधीच होऊन बसलेला असतो.

"आदेश? मला तर कागदाचा चिटोरापण आला नाही," मित्र म्हणाला. खरंच आला नव्हता. तो जीएसटीच्या पोर्टलवर होता, `View Additional Notices/Orders` नावाच्या कप्प्यात. आधीची कारणे दाखवा नोटीसही तिथेच पडून होती. पोर्टलवर टाकणं ही कायद्याने नोटीस बजावण्याचीच एक रीत आहे. ईमेलही जात होते, पण नोंदीतला पत्ता होता टॅक्सवाल्याकडे पूर्वी काम करणाऱ्या पोराचा. ते पोर आता पुण्यात असतं.

आदेश २० फेब्रुवारीचा. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, जुळत नाही म्हणून कर ४ लाख २० हजार, वर व्याज आणि ४२ हजार दंड. अपिलाला तीन महिने मिळतात, ते २० मेला संपले. आदेशानंतर तीन महिने गेले की वसुलीही सुरू होऊ शकते, म्हणून जूनमध्ये खात्यावर गदा आली. मात्र सबळ कारण दाखवलं तर अपील अधिकारी आणखी एक महिना माफ करू शकतो, म्हणजे २० जूनपर्यंत. त्यापुढे एक दिवसही माफ करायचा अधिकार त्याला नाही. मग उरतो फक्त हायकोर्टाचा रस्ता. तसं त्याचं आता कौतुकच आहे म्हणा. ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, मुंबईच्या गाडीभाड्याचे पैसे वकिलाला देता येतात.

हातात उरलेल्या दहा दिवसांतले सहा दिवस मित्राने बँकेत, ओळखीच्या कार्यकर्त्याकडे आणि 'आपला माणूस आहे आत' म्हणणाऱ्या एका गृहस्थाकडे घालवले. सातव्या दिवशी एका सीएने त्याला खुर्चीत बसवून पोर्टल उघडलं. १८ जूनला एपीएल-०१ या फॉर्ममध्ये अपील दाखल झालं, उशीर माफ करण्याच्या अर्जासकट. आधी भरायची रक्कम होती वादातल्या कराच्या १० टक्के, म्हणजे ४२ हजार. व्याज-दंड त्यात धरत नाहीत. एवढी रक्कम भरली की उरलेल्या वसुलीला कायद्यानेच स्थगिती मिळते.

आता स्थगिती मिळाली म्हणजे खातं सुटलं, असं समजून घरी तांबडा-पांढरा करायला सांगा. बँकेला यातलं काही कळत नाही. तिला वसुली अधिकाऱ्याचं, नोटीस मागे घेतल्याचं पत्रच लागतं. म्हणून अपिलाची पोच, ४२ हजार भरल्याचा पुरावा आणि डीआरसी-१३ ची प्रत जोडून त्या अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा लागला. पत्र निघालं, शाखेत पोचलं, तिथून बँकेच्या वरच्या ऑफिसात गेलं आणि चार दिवसांनी खातं उघडलं. नशिबाने बँकेने तोवर पैसे सरकारजमा केले नव्हते. केले असते तर ते मागणीपोटी वळते झाले असते आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत नुसते आठवायचे.

परवा भेटला तेव्हा विचारलं, "पोर्टलवरचा ईमेल बदललास का रे?"

"बदलतो की," म्हणाला. "त्याचा ओटीपी त्या पुण्याच्या पोराकडं जातोय. गणपतीला येतंय म्हणालंय."