आरसा, सेल्फी आणि ‘पाचपट’ सौंदर्याचा हिशेब

“आरशात पाहताना मेंदू आपल्याला प्रत्यक्षापेक्षा पाचपट सुंदर दाखवतो. लोकांना आपण खरे कसे दिसतो ते फोनच्या सेल्फीत कळते. म्हणून फोटो वाईट आला तर तोच आपला खरा चेहरा समजावा.” असा एक दावा केला जातो.

‘पाचपट’ हा आकडा कोणत्याही मोजणीतून आलेला नाही, कारण सौंदर्याला ज्याची पट काढता येईल असे एककच नाही. या समजुतीच्या जवळ जाणारा खरा प्रयोग निकोलस एप्ली आणि एरिन व्हिटचर्च यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या छायाचित्रात एक अतिशय आकर्षक आणि एक अनाकर्षक चेहरा दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी मिसळला आणि त्या मालिकेतून स्वतःचा मूळ चेहरा ओळखायला सांगितले. लोकांची निवड थोडी आकर्षक बाजूकडे झुकली. म्हणजे स्वतःविषयीचा पूर्वग्रह खरा आहे. परंतु त्या प्रयोगात आरसा नव्हताच. लोक छायाचित्रेच पाहत होते, आणि मित्रांचे चेहरे ओळखतानाही निवड त्याच बाजूला झुकली होती. झुकाव होता तो आठवणीत जपलेल्या प्रतिमेत. त्याचे खापर आरशावर फोडणे चुकीचे आहे.

सेल्फीला सत्य मानण्याची चूक मला अधिक घातक वाटते, आणि ती साध्या भूमितीने दाखवता येते. नाकाच्या टोकापासून कानांपर्यंतची खोली ढोबळमानाने 12 सेंटिमीटर धरू. फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल, तर कान 42 सेंटिमीटरवर पडतात. वस्तू जितकी दूर तितकी ती लहान दिसते, म्हणून कानांच्या तुलनेत नाक 42 भागिले 30, म्हणजे 1.4 पट मोठे उमटते. समोर दीड मीटरवर बसलेल्या माणसासाठी हेच गुणोत्तर 162 भागिले 150, म्हणजे 1.08 असते. थोडक्यात, समोरच्याला दिसते त्यापेक्षा सेल्फीत नाकाचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी फुगते. अमेरिकेतील काही शल्यचिकित्सकांनी 2018 मध्ये गणिती प्रतिमान वापरून केलेल्या अभ्यासातही 12 इंचांवरून घेतलेल्या छायाचित्रासाठी जवळजवळ हाच आकडा आला, आणि पाच फुटांवर तो परिणाम जवळपास नाहीसा झाला.

आता आरशापासून 60 सेंटिमीटरवर उभे राहा. प्रतिबिंब आरशामागे तितक्याच अंतरावर असते, त्यामुळे तुमच्या डोळ्यांपासून नाकाचे प्रतिबिंब सुमारे 120 आणि कानांचे 132 सेंटिमीटरवर येते, गुणोत्तर 1.1. चेहऱ्याच्या प्रमाणांपुरते पाहिले तर हा आरसा हातातल्या फोनपेक्षा समोर बसलेल्या माणसाच्या नजरेला कितीतरी जवळचा आहे. फोनचा फोटो तपासायचा असेल तर फोन दीड मीटरवर ठेवून, झूम करून नवा फोटो काढावा आणि तो जुन्या सेल्फीशी ताडून पाहावा. नाकाची रुंदी बदललेली लगेच दिसेल.

आरसा एका बाबतीत मात्र निश्चितच वेगळा आहे: तो डावे-उजवे उलटवतो. भांग, एक उंच भुवई, किंचित तिरके हसू, यांपैकी काहीच पूर्ण सममित नसते, आणि आपल्या डोळ्यांना वर्षानुवर्षे उलट्या मांडणीची सवय झालेली असते. 1977 मध्ये मीटा, डर्मर आणि नाइट यांनी विद्यार्थिनींना स्वतःच्या एकाच छायाचित्राच्या सरळ आणि उलट्या प्रती दाखवल्या, तेव्हा त्यांचा कल आरशातल्यासारख्या प्रतीकडे होता, तर त्यांच्या मैत्रिणींचा सरळ प्रतीकडे. ज्याला जे रोज दिसते ते त्याला आवडते. म्हणून सरळ छायाचित्रातला आपला चेहरा खटकतो तेव्हा त्यामागे बऱ्याचदा कुरूपता नसून अनोळखीपणा असतो, आणि हा फरक त्या क्षणी आतून कळत नाही, हीच खरी अडचण आहे.

उरला तिसरा भाग, वाईट फोटोला खरा चेहरा समजण्याचा. मन खिन्न असताना खिन्न आठवणी सहज वर येतात, हे गॉर्डन बोवर यांनी 1981 मध्ये मांडले. तशा वेळी फोटो पाहणारी व्यक्ती एकटा फोटो पाहत नाही. कोणीतरी केलेली टीका आणि जुना नकारही ती त्यात पाहते, आणि मग नजर पूर्ण चेहऱ्यावरून सुटून एखाद्या डागावर खिळते. निरखण्याचा कालावधीही महत्त्वाचा आहे. 2011 च्या एका अभ्यासात दहा मिनिटांहून अधिक वेळ आरशात निरखल्यावर शरीरव्यंगाच्या भ्रमाचा विकार, म्हणजे दिसण्यातल्या नसलेल्या किंवा क्षुल्लक दोषाने पछाडले जाणे, नसलेल्या लोकांचीही अस्वस्थता वाढली.

त्यामुळे नावडलेला फोटो लगेच पुसून टाकू नये आणि खराही मानू नये. त्याला दहापैकी गुण द्यावेत, ते लिहून ठेवावेत आणि आठवडाभराने, मन शांत असताना, आधीचा आकडा न पाहता पुन्हा द्यावेत. दोन आकड्यांत फरक पडला, तर तेवढा फरक चेहऱ्याचा नाही, कारण फोटो तोच होता.