‘एका ओळीत उरकलेल्या’ टॉक्सिक शॉकविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: बाई, शाळकरी मुलींना पाळीसाठी कप सुचवताना टॉक्सिक शॉकचा विषय तुम्ही एका ओळीत उरकला आहे. हा मुलींच्या जिवाशी खेळ आहे. ज्यांना विषाणू आणि जीवाणू यांतला फरक कळत नाही त्यांनी आरोग्यावर लिहू नये. कापडाचे गोडवे गाऊन तुम्ही मुलींना आजीच्या काळात ढकलता आहात. पॅडच्या कचऱ्याची काळजी पोट भरलेल्यांनी करावी. – एक डॉक्टर पालक

उत्तर:

महोदय (किंवा महोदया, आपण नाव न लिहिता केवळ पदवी लिहिली आहे, त्यामुळे मला ठरवता येत नाही),

चूक माझी आहे आणि ती आधी मान्य करते. टॉक्सिक शॉक हा अचानक येणारा, जिवावर बेतू शकणारा आजार जीवाणूमुळे होतो. मी ‘विषाणू’ लिहिले होते. लेखात दुरुस्ती केली आहे. मात्र एका शब्दावरून माणसाने लिहूच नये असा निकाल देण्याची आपली घाई पाहता, आपल्या दवाखान्यात येणाऱ्या मुली प्रश्न तरी कसे विचारत असतील, याचे मला कुतूहल वाटते. बावीस वर्षे मी माध्यमिक शाळेत शिकवते आहे, आणि दटावणाऱ्या माणसाला मुली काहीही सांगत नाहीत, एवढे मला अनुभवाने कळले आहे.

आता त्या एका ओळीविषयी. ती अपुरी होती असे आपले म्हणणे आहे, तर सविस्तर लिहिते.

या आजाराच्या मुळाशी असलेला स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर असतो आणि एरवी काही करत नाही. त्याच्या काही जाती एक विष तयार करतात, आणि त्या विषाविरुद्धची प्रतिपिंडे ज्याच्या रक्तात नसतात त्यालाच हा आजार गाठतो. बहुतेक प्रौढ माणसांत ती असतात. किशोरवयीन मुलींपैकी काहींमध्ये अजून तयार झालेली नसतात. म्हणून वयाचा मुद्दा खरा आहे. तो आपण मांडला असता तर मी आभार मानले असते. आपण मांडला तो ‘जिवाशी खेळ’. 1978 साली या आजाराचे पहिले वर्णन झाले ते लहान व किशोरवयीन रुग्णांवरून, आणि त्यांत मुलगेही होते. 1980 मध्ये अमेरिकेत त्याची लाट आली ती अतिशोषक टॅम्पॉनमुळे, म्हणजे योनिमार्गात घालायच्या शोषक बोळ्यांमुळे. तेव्हापासून पाळीच्या प्रत्येक साधनाला हे नाव चिकटवण्याची सवय पडली आहे.

धोका कुठे निर्माण होतो हे नीट समजले की घबराट कमी होते. योनिमार्गात एरवी प्राणवायू फार कमी असतो. आत काही घातले की त्याबरोबर हवा जाते, रक्त साचून राहते, आणि या दोन गोष्टी मिळाल्या की तो जीवाणू वाढतो व विष तयार करतो. पॅड आणि कापड शरीराबाहेर असतात, त्यामुळे पाळीतल्या टॉक्सिक शॉकची जी चर्चा होते ती जवळजवळ पूर्णपणे टॅम्पॉन आणि कप यांची आहे. कपाबाबत 2019 मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्याला टॉक्सिक शॉकची पाच प्रकरणे सापडली. कप किती जणी वापरतात याचा नेमका आकडा कोणाजवळ नसल्याने त्यावरून प्रमाण काढता येत नाही. धोका अस्तित्वात आहे आणि दुर्मीळ आहे, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते. फ्रान्समधील ल्यों येथील संशोधकांनी 2018 मध्ये प्रयोगशाळेत दाखवले की कपाच्या पृष्ठभागावर या जीवाणूचा चिकट थर बसतो आणि नुसत्या पाण्याने खळबळल्याने तो जात नाही. त्यांनी दोन कप आळीपाळीने वापरून मधल्या वेळात उकळून घेण्याचा सल्ला दिला होता. तो सल्ला माझ्या लेखात नव्हता, हे खरे. आता घातला आहे.

या सगळ्याचा एका मुलीच्या दिवसात काय अर्थ होतो ते पाहा. माझी नववीतली एक विद्यार्थिनी वाडीवरून येते. पावणेसातची एसटी धरण्यासाठी ती साडेसहाला घर सोडते आणि परत पोहोचते संध्याकाळी साडेपाचला. कप सहाला बसवला तर घरी येईपर्यंत साडेअकरा तास होतात. बहुतेक कपांच्या वेष्टनावर बारा तासांची मर्यादा छापलेली असते, म्हणजे एक एसटी चुकली की मर्यादा ओलांडली. मधल्या सुट्टीत बदलायचा म्हटले तर शाळेच्या स्वच्छतागृहात नळ कोरडा आणि हात धुण्याची जागा दाराबाहेर. न धुतलेल्या हाताने कप काढून तसाच परत घालणे हे बारा तास ठेवण्याहूनही वाईट. म्हणून तिला मी सांगितले, आणि तिच्या आईलाही, की शाळेच्या दिवशी पॅड वापरायचे, मधल्या सुट्टीत बदलायचे, दप्तरात दोन जास्तीची ठेवायची. कप शिकायचाच असेल तर रविवारी, घरी, आठ तासांच्या आत काढायचा, वेगळ्या पातेल्यात बुडेल इतक्या पाण्यात पाच मिनिटे उकळायचा. काढताना देठ ओढायचा नाही. बूड चिमटीत दाबून आधी हवेची पकड सोडवायची. पाळीत अचानक 102 अंशांच्या वर ताप, उलट्या-जुलाब, उभे राहताच चक्कर आणि उन्हाने भाजल्यासारखी लाली दिसली तर कप लगेच काढायचा, दवाखाना गाठायचा, आणि ‘पाळी चालू आहे, कप घातला होता’ हे वाक्य डॉक्टरांनी विचारण्याआधी बोलायचे. अशा वेळी लाजेने लपवलेली माहितीच उशीर करते.

कापडाचे गोडवे मी गायलेले नाहीत. 1989 साली मी आठवीत होते. घरात ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसायचे, आणि आजीच्या जुन्या लुगड्याच्या घड्या धुऊन गोठ्याच्या माळ्यावर, पोत्याखाली वाळत घालायच्या. पावसाळ्यात त्या तीन-तीन दिवस दमट राहत. मांड्यांना चट्टे आले, खाज सुटली, सहामाहीचा एक पेपर मी बसू न शकल्याने उभ्याने लिहिला. कापड स्वतः वाईट नव्हते, दोष त्या पोत्याचा होता. बुरशी दमट, बंद जागेत वाढते. रक्त आधी थंड पाण्यात काढावे, कारण गरम पाण्याने डाग बसतो. मग साबणाने धुऊन उन्हात कडक वाळवावे, आणि ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. दांडीवर सर्वांसमोर वाळत घालण्याची हिंमत नसेल तर वरून पातळ ओढणी टाकावी, पण उन्हातच. हे ज्या घरात जमत नाही तिथे कापड देऊ नये, असेच मी लेखात लिहिले होते. आपण तो परिच्छेद वाचला असावा असे वाटत नाही.

आजीचा काळ आणि पोट भरलेले लोक याविषयी काही लिहिण्याची मला गरज वाटत नाही. कचऱ्याचा विषय आपण पुन्हा काढलात तर वापरलेले पॅड शाळेत कोण उचलते आणि कोणत्या हातांनी, तेही सांगेन. माझ्या शाळेत ते काम करणाऱ्या मावशींचे पोट भरलेले आहे की नाही, हे मी आपल्यापेक्षा जास्त जाणते.

पुढच्या वेळी नाव लिहा. माझ्या मुलींच्या पालकसभेला एखादा डॉक्टर मिळाला तर मला हवाच आहे.