परदेशातून: ओळख ना पाळख, तरी चालणारा बदली तास

"मावशी, आमचे दोन सर मतदार यादीच्या, बीएलओच्या कामाला गेलेत, उद्या मला सातवी ब वर गणिताचा बदली तास लावलाय. त्या वर्गात मी कधी पाऊल टाकलेलं नाही, पोरांची नावं माहीत नाहीत, पोर्शन कुठं आलाय माहीत नाही. तू तिकडं रोज असले वर्ग घेतेस ना, मग काय करतेस सांग की." हा कोल्हापुरातल्या माझ्या भाचीचा मेसेज.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये सप्लाय टीचर आहे. सकाळी एजन्सीचा फोन येतो आणि तासाभरात कुठल्यातरी शाळेच्या गेटवर उभं राहायचं, त्यामुळं भाचीची अडचण माझ्यासाठी रोजचीच. तिला एवढंच सांगितलं की तुला जे जे माहीत नाही ते आधी कागदावर लिही आणि मग असा तास शोध की त्यातल्या एकाही गोष्टीची गरज पडणार नाही. पाठ्यपुस्तकाचं पान नको, "मागच्या तासाला शिकलात तसं" हे वाक्य नको, गट पाडणं नको कारण कुणाचं कुणाशी वाकडं आहे ते तुला ठाऊक नाही, आणि पोरांच्या घरी राहिलेली वही तर अजिबात नको. उरतं काय तर फळा, खडू, प्रत्येकाला अर्धा फुलस्केप आणि एक असा प्रश्न की ज्याला १ आणि २ ची बेरीज येते तो पण सुरू करू शकेल आणि वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा पण ३५ मिनिटांत संपवू शकणार नाही.

माझा नेहमीचा प्रश्न हा. पोरं आत यायच्या आधी फळ्यावर लिहून ठेवायचा, म्हणजे पहिल्या गोंधळात आवाज चढवावा लागत नाही:

९ = ४ + ५
९ = २ + ३ + ४
लागोपाठच्या संख्यांची बेरीज करायची, सुरुवात १ पासून पुढं कुठूनही. १ ते ३० मधल्या कुठल्या संख्या अशा तयार होतात? कुठल्या होतच नाहीत?

पहिली चार-पाच मिनिटं कागदाची. अर्ध्या फुलस्केपची एक पट्टी फाडायची, दुमडून बाकावर उभी करायची, त्यावर नाव आणि हजेरी क्रमांक मोठ्या अक्षरात. तास संपताना पट्ट्या गोळा केल्या की हजेरी झाली. इंग्लंडमध्ये पोरं मुद्दाम नावं बदलून बसतात म्हणून मी ऑफिसमधून बसण्याचा नकाशा मागून घेते आणि डोकी मोजते, कोल्हापुरात हजेरीपट आहे तेव्हा पट्ट्या क्रमांकानं लावल्या की लबाडी लगेच उघडी पडते.

मग दहा मिनिटं ज्याचं त्यानं. अडलेल्याला एकच सांगायचं, शेजारशेजारच्या दोन संख्या घे. १ + २, २ + ३, ३ + ४ असं करत ३, ५, ७, ९ येत जातात आणि थोड्या वेळानं कुणीतरी ओरडतंच की बाई, सगळ्या विषम येतात! तिथं थांबून फक्त "का?" विचारायचं. दुसरी संख्या पहिलीपेक्षा एकनं मोठी, म्हणजे दुप्पट अधिक एक, म्हणून विषम, हे सातवीतल्या कुणालातरी सुचतं. नाहीच सुचलं तर प्रश्न फळ्यावर तसाच ठेवायचा आणि पुढं जायचं.

तीन-तीन घेतल्या की ६, ९, १२, १५, म्हणजे तिनाचा पाढा, कारण मधल्या संख्येची तिप्पट होते. चार-चार घेतल्या की १०, १४, १८, २२. आता खरी गंमत सुरू होते. बहुतेक पोरं इथवर येऊन थांबतात आणि न होणाऱ्यांच्या यादीत २० आणि २८ घालतात. ते खोडायचं नाही. "पाच घेऊन बघितल्यास का?" एवढंच म्हणायचं, मग २ + ३ + ४ + ५ + ६ = २० सापडतं, आणि २८ ला तर १ पासून ७ पर्यंत सगळ्या लागतात. शेवटी यादीत उरतात १, २, ४, ८, १६. या क्षणी वर्ग आपोआप शांत होतो, हे मी दोन्हीकडच्या पोरांबाबत सांगू शकते कारण सुट्टीत गावी आले की मी गल्लीतल्या पोरांना हेच देते. पुढची न होणारी कुठली, असं विचारलं की निम्मे म्हणतात २४, आठ-आठनं वाढतंय म्हणून. करून बघा म्हणायचं, ७ + ८ + ९ निघतं आणि अंदाज कोसळतो, मग कुणीतरी ३२ म्हणतं.

का ३२, हे नववीपर्यंतच्या पोरांना पुरतं. बेरजेत घेतलेल्या संख्या विषम नग असतील तर बेरीज म्हणजे मधली गुणिले नग, त्यात विषम अवयव आलाच. नग सम असतील तर पहिली आणि शेवटची मिळून विषम होते, दुसरी आणि शेवटून दुसरी मिळून तेवढीच, म्हणजे पुन्हा विषम अवयव आलाच. दोननं दोनला गुणत गेलेल्या संख्येत एक सोडला तर विषम अवयव नाहीच, म्हणून ती कधीच होत नाही. सातवीला हे पूर्ण समजलं पाहिजे असा हट्ट मी धरत नाही. "हे मला आधीच माहितीय" म्हणणारा एखादा निघतोच, त्याला सांगायचं ४५ पाच प्रकारे करून दाखव. २२ + २३ आणि १४ + १५ + १६ पटकन होतात, १ ते ९ पण सापडते, ७ ते ११ ला वेळ लागतो आणि ५ ते १० ला घाम फुटतो.

हा तास बिघडतो तो गणितामुळं नाही, सवयींमुळं. "तुमचे सर तुम्हाला शांत कसं करतात?" असं विचारलं की तीन कोपऱ्यांतून तीन उत्तरं येतात आणि तास तिथंच गेला. मी विचारतच नाही. माझे नियम फळ्याच्या कोपऱ्यात: हात वर दिसला की पेन खाली, बाहेर एका वेळी एकच जाणार, बाकावरच्या शेजाऱ्याशी बोललं तर चालेल. "आमचे सर असं करत नाहीत" आलं की "आज असं करू" म्हणून पुढं. आणि गोंगाट झाला की कान नाही, हात बघायचे. पेनं चालू असतील तर तो वादाचा आवाज आहे, चालू दे. पेनं थांबली असतील तर त्या बाकावर जाऊन हळूच सांगायचं की तुम्ही १ ते १२ एवढंच करा, सगळ्या वर्गासमोर सांगायचं नाही, त्यात पोराची बेरीज कच्ची असल्याचं उघडं पडतं.

एक गोष्ट मात्र माहिती नसताना चालत नाही, ती म्हणजे आजारपण. कुणाला फिट येते, कुणाला दमा आहे, कुणाला ऐकू कमी येतं, हे तासाआधी विचारायचंच. इकडं बऱ्याच शाळांत छापील कागद हातात देतात. तिकडं शिपाईमामांना किंवा शेजारच्या वर्गावरच्या बाईंना विचार असं भाचीला सांगितलं, त्यांना सगळं ठाऊक असतं. पहिली-दुसरीला आणि प्रयोगशाळेत हा तास नेऊच नये.

हे सगळं मी फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि तिथं दुसराच वाद पेटला. शिवाजी पेठेतला आमचा भाऊ म्हणाला, शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरगं शाळेत घातलं नाही तर आईबापाला महिन्याला रुपया दंड, आणि आज पोरगं शाळेत आहे तर मास्तरच गायब, कायद्यानं शिक्षकाला दुसरं काम देताच येत नाही, मग बदली तास कशाला शिकवताय, मास्तर परत आणा. वहिनी मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्यात, त्यांनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक हे अपवाद आहेतच, तेव्हा "देताच येत नाही" हे खरं नाही, पण मतदार यादीचं काम सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर असावं असं सुप्रीम कोर्टानं २००७ ला सांगितलंय, भांडायचं तर त्यावर भांड. काकांना वाटलं क्लासची चौकशी चाललीय, त्यांनी नातवाला पाढे येत नाहीत, कुणी घरी येऊन शिकवेल का आणि किती घेईल, हे विचारलं.

मला भावाचा राग पटतो. पण इंग्लंडकडं बोट दाखवून "तिकडं बघा" म्हणायला मी तयार नाही. इकडं २००३ ला सरकार आणि बहुतेक संघटनांचा करार झाला आणि २००९ पासून नियम असा की शिक्षकानं गैरहजर सहकाऱ्याचा वर्ग क्वचितच घ्यायचा, म्हणून माझ्यासारखे बाहेरचे लोक येतात. माणूस मिळतो, पण हातात काय मिळतं? पुष्कळदा "पान ४३ करून घ्या" अशी चिठ्ठी, पुस्तकं कपाटात, किल्ली आजारी शिक्षकाच्या घरी. कोल्हापुरात उलटं आहे, बदली तासावर जाणारी बाई त्याच शाळेची, घंटा कधी होते, कुठली पोरं कुणाची हे तिला अर्धंमुर्धं ठाऊक असतं, पण तिला वह्या तपासायच्या असतात आणि वर्गाला "गप बसा, अभ्यास करा" एवढंच सांगितलं जातं. तासिका तत्त्वावर माणूस नेमायचा की नाही यावर गावी तावातावानं बोलतात, तो माणूस वर्गात शिरल्यावर पहिली पाच मिनिटं काय करणार यावर कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते पोरांचा तास वाया जातो तो त्या पाच मिनिटांत.

वहिनींचा माझ्यावरही आक्षेप आहेच. त्या म्हणतात, अगं पण हे पोर्शनमध्ये कुठं बसतं, परत आलेले सर म्हणणार माझा तास खाल्ला. त्यांचं म्हणणं आठवड्याभराचा बदली तास असेल तर बरोबरच आहे, तेव्हा हा प्रश्न पुरणार नाही, सरांना फोन करून धडा विचारावाच लागेल. एका तासापुरतं मी भाचीला सांगितलं की पोरांचे कागद, पट्ट्या आणि एक चिठ्ठी सरांच्या टेबलावर ठेव. चिठ्ठीत कोण गैरहजर, यादी कुठवर आली, कोण ३२ पर्यंत पोचलं आणि कुणाला १२ च्या आतच अडलं. शेवटची दोन नावं सरांच्या कामाची आहेत, त्यांनी ती वापरली तर तास खाल्ला असं होत नाही. वहिनींना हे पटलेलं नाही.

रात्री भाचीचा परत मेसेज, परवा पाचवीवर पण पाठवतायत. पाचवीला १ ते ३० नको, १ ते १५ च दे, "का" विचारू नको, आणि १ ते १५ मधल्या न होणाऱ्या चार संख्या सापडल्या की पोरांना त्या स्वतःच फळ्यावर येऊन लिहू दे.