उसनी ओळ कोण म्हणते आहे आणि कोणाला?

वाढदिवसाच्या संदेशात कवितेची, गाण्याची ओळ किंवा एखादी म्हण घालायला माझा विरोध नाही. मी स्वतः घालतो. आपली वाक्ये जिथे अडखळतात तिथे जाणत्या कवीची ओळ नेमके बोलून जाते, हा अनुभव कुणाला नसेल? तरीही असे बरेच संदेश वाचताना काहीतरी खटकते, आणि बहुतेक वेळा ते ओळीच्या दर्जामुळे खटकत नाही. मूळ कवितेत ती ओळ कोणीतरी कोणाला तरी उद्देशून म्हटलेली असते. आपण ती उचलतो तेव्हा तो बोलणारा आणि तो ऐकणारा हे दोघेही तिच्याबरोबर आपल्या संदेशात येतात, याचा आपल्याला विसर पडतो.

विंदा करंदीकरांची ‘घेता’ ही कविता पाहा. ज्यांनी आपल्यासाठी खूप केले अशा वडीलधाऱ्यांच्या वाढदिवसाला तिच्या पहिल्या दोन ओळी हमखास येतात: ‘देणाऱ्याने देत जावे, घेणाऱ्याने घेत जावे.’ पाठवणाऱ्याच्या मनात कृतज्ञता असते, यात शंका नाही. पण या दोन ओळी एकट्या ठेवून वाचा. साठी गाठलेल्या मामांना भाची सांगते आहे की तुम्ही देत राहा आणि आम्ही घेत राहतो. कवितेत हे वाक्य आज्ञेसारखे येते आणि तिथे ते शोभते, कारण पुढे घ्यायचे आहे ते माळाकडून, सह्याद्रीच्या कड्याकडून, ढगाकडून, दर्याकडून. निसर्गाला ‘देत जा’ म्हटल्याने त्याच्यावर ओझे पडत नाही. मामांवर पडते.

एका परिचित बाईंनी असाच संदेश पाठवण्याआधी मला दाखवला होता. वर या दोन ओळी, खाली ‘मामा, तुम्हाला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, तुमचा आशीर्वाद असाच पाठीशी राहो’ आणि त्याखाली फुलांचे चित्र. मी त्यांना विचारले की मामांनी नेमके काय दिले, ते यात कुठे आहे? मग बोलता बोलता निघाले की अकरावीत गणित सुटेना तेव्हा मामा कामावरून परस्पर त्यांच्याकडे येत, चहासुद्धा न घेता वही उघडत आणि उत्तर चुकले तरी खोडरबर वापरू देत नसत. चुकीवर एक रेघ मारून खाली पुन्हा मांडायला लावत. आज त्या स्वतः शेजारच्या मुलीला शिकवतात आणि तिच्या हातातलेही खोडरबर काढून घेतात. एवढे त्यांनी पाच-सहा वाक्यांत लिहिले. त्यानंतर त्याच कवितेचा शेवट ठेवला: ‘घेता घेता एक दिवस देणाऱ्याचे हात घ्यावे!’

कवी तोच, कविताही तीच, पण आता ओळीला आधार मिळाला. ‘देणाऱ्याचे हात’ म्हणजे वहीवर रेघ मारणारे मामांचे हात, हे वाचणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही, आणि ते हात भाचीने घेतले आहेत याचा पुरावा वरच्याच वाक्यांत आहे. पहिल्या मसुद्यात ओळ आधी होती आणि माणूस नव्हता. दुसऱ्यात माणूस आधी आला आणि ओळीने त्याच्या मागून येऊन त्याला दुजोरा दिला. ओळ शक्यतो शेवटी ठेवावी असे मी म्हणतो ते यासाठीच. सुरुवातीलाच मोठ्या कवीचा आवाज लागला की त्याच्यामागून येणारे आपले साधे वाक्य उगाच खुजे वाटते आणि मग आपणही त्या सुरात अवजड शब्द लिहू लागतो. वाचणारा ते लगेच ओळखतो, कारण आपण एरवी कसे बोलतो हे त्याला ठाऊक असते.

बोलणारा कोण, याचे दुसरे उदाहरण म्हणजे कुसुमाग्रजांची ‘कणा’. तिची शेवटची ओळ, ‘पाठीवरती हात ठेवून फक्त लढ म्हणा’, शिक्षकांच्या आणि वरिष्ठांच्या वाढदिवसाला सर्रास पाठवली जाते. कवितेत ती पुराने संसार वाहून गेलेल्या माजी विद्यार्थ्याची विनंती आहे. ती पाठवली की वाढदिवस सरांचा असूनही मध्यभागी आपण आणि आपली लढाई येते, आणि सरांकडे काम उरते ते आपल्या पाठीवर हात ठेवण्याचे. पाठवणारा खरोखरच अडचणीत असेल तर ती वेगळी गोष्ट. पण मग तो शुभेच्छांचा संदेश राहत नाही. हीच कविता उलट दिशेने मात्र सुंदर चालते. कठीण वर्षातून जात असलेल्या आणि ही कविता जाणणाऱ्या मित्राला वाढदिवसाच्या दिवशी त्याच्या अडचणीबद्दल दोन वाक्ये लिहून खाली नुसते ‘लढ’ लिहावे. कवितेतल्या माणसाने जे मागितले तेच आपण देतो, आणि तेही एका शब्दात. अर्थात कविता माहीत नसलेल्याला तो नुसता हुकूम वाटेल, म्हणून माणूस पाहूनच हे करावे.

गाण्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते: गाणे अर्ध्यावर थांबत नाही. आपण सोयीची अर्धी ओळ लिहितो आणि उरलेली वाचणारा मनातल्या मनात चालीसकट पूर्ण करतो. गदिमांच्या गीतातले ‘एक धागा सुखाचा’ एवढेच एखाद्या भेटकार्डावर लिहिले, तरी वाचणाऱ्याच्या कानात पुढचे ‘शंभर धागे दुःखाचे’ वाजल्याशिवाय राहत नाही. म्हणून ओळ पाठवण्यापूर्वी तिच्या मागची आणि पुढची ओळ स्वतःशी म्हणून पाहावी, आणि गाणे मूळ कोणत्या प्रसंगाचे आहे हेही आठवावे. विरहगीतातली गोड ओळ वेगळी काढली तरी विरह तिच्यासोबत येतोच. दोघांनी मिळून एखादे गाणे शेकडो वेळा ऐकले असेल तर मात्र हा नियम गुंडाळून ठेवावा. तिथे शब्दांचा अर्थ केव्हाच मागे पडलेला असतो आणि मुखड्याचे पहिले दोन शब्दही पुरतात.

म्हणी मला या कामासाठी सर्वांत अवघड वाटतात. म्हण सगळ्यांना लागू पडते म्हणूनच ती म्हण झालेली असते; त्यामुळे ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ वाचून त्या मुलाबद्दल नवे काहीच कळत नाही. शिवाय म्हणीत निवाडा असतो. ‘साठी बुद्धी नाठी’ समवयस्क मित्राने खाजगीत लिहिले तर हशा पिकतो. तेच नातेवाइकांच्या ग्रुपवर सुनेने किंवा जावयाने लिहिले तर साठीचा माणूस हसेलही, पण दिवसभर ते त्याच्या मनात राहील. म्हण वापरायचीच असेल तर ती मोडून वापरावी. पन्नाशीत पोहायला शिकलेल्या बहिणीला एकाने लिहिले होते, ‘थेंबे थेंबे तळे साचते हे आम्ही सगळ्यांनीच पाठ केले, त्या तळ्यात उडी मात्र तूच मारलीस.’ यातली म्हण सर्वांची आहे आणि उडी तिची एकटीची.

जाता जाता एक सांगतो. ओळीखाली कवीचे नाव लिहायचे असेल तर छापील संग्रहात पाहून लिहावे. फिरत्या संदेशांत कुणाचीही ओळ पु. लं.च्या किंवा कुसुमाग्रजांच्या नावावर खपवली जाते, आणि ज्यांचा वाढदिवस आहे ते काका मराठीचे निवृत्त प्राध्यापक असले तर आभार मानण्यापूर्वी ते चूक दुरुस्त करून पाठवतील.