तोळ्याचा तोल

आमच्या घरी सोन्याचं वजन तोळ्यात बोलतात, बिल ग्रॅममध्ये येतं आणि मधला गुणाकार माझ्याकडे असतो. भाचीच्या लग्नात तीन तोळ्यांची मोहनमाळ घालायची असं माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ठरवलं. दादरच्या एका पेढीतून आणि झवेरी बाजारातल्या त्यांच्या जुन्या सराफाकडून भाव आणायचं काम जावयावर आलं.

भाव रोज हलतो, म्हणून सोयीसाठी बावीस कॅरेटचा ग्रॅमला दहा हजार धरू. दादरवाल्यांनी मजुरी १२ टक्के आणि त्यावर ३ टक्के जीएसटी लावून तीन तोळ्यांचे ३,४६,०८० रुपये सांगितले. झवेरी बाजारात मजुरी फक्त ८ टक्के, तरी आकडा ३,८९,२५१!

"तुमचा सराफ लुटतोय," मी म्हणालो.

"माझ्या लग्नातले दागिने त्याच्या वडिलांनी घडवलेत," माई म्हणाल्या. सासरी या युक्तिवादाला अपील नसतं.

मग दोन्ही कागदांवरचं निव्वळ वजन पाहिलं. दादरला ३०.००० ग्रॅम. झवेरी बाजारात ३४.९९२. तोळे दोन्हीकडे तीनच.

माईंचा तोळा बारा माशांचा, माशाला आठ गुंजा, म्हणजे ११.६६४ ग्रॅम. आजच्या दुकानातला तोळा सरळ दहा ग्रॅमचा, कारण भावच दहा ग्रॅमचा निघतो. दर तोळ्यामागे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास फरक. तीन तोळ्यांत जवळजवळ पाच ग्रॅम. पाच ग्रॅममध्ये कानातली होतात हो!

म्हणून तोळे बाजूला ठेवले आणि दोन्ही बिलांच्या एकूण रकमेला त्या त्या वजनाने भागलं. दादर ग्रॅमला ११,५३६, झवेरी बाजार ११,१२४. महाग वाटणारा सराफ ग्रॅममागे ४१२ रुपयांनी स्वस्त निघाला. तीस ग्रॅमची माळ त्याच्याकडे केली तर १२,३६० रुपये वाचत होते. (भागाकार निव्वळ वजनानेच करायचा. माळेत खडे किंवा लाख असेल तर एकूण वजन फुगतं आणि ग्रॅमचा भाव उगाच स्वस्त दिसतो.) एक मात्र बघावं लागतं: दोन्ही भाव एकाच दिवसाचे आणि एकाच कॅरेटचे हवेत. नाहीतर बावीसची तुलना अठराशी होते आणि अठरावाला देवमाणूस वाटू लागतो.

मी विजयी मुद्रेने सांगितलं, "माई, झवेरी बाजारातच घेऊ, पण तीस ग्रॅमची."

माई कागदावर बोट ठेवून विचारात पडल्या. "हे पस्तीस ग्रॅम, नव्या हिशेबाने किती तोळे?"

"साडेतीन."

"मग हीच घ्या. विहिणीला साडेतीन सांगता येईल."

"पण पैसे तर त्रेचाळीस हजार जास्त..."

"ते तुम्ही ग्रॅममध्ये सांगा ना," माई म्हणाल्या, "ग्रॅममागे चारशे बारा वाचले म्हणून."